अल्लाहच्या हवाली

बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम.

वाचकहो, गेल्या वर्षी सातारा जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी मगरिबच्या नमाजीनंतर एक बुजुर्ग माता आमच्या घरी आल्या. माझ्या पत्नीजवळ आतल्या खोलीत बसून त्यांनी दाराआडून मला विचारले, "मौलाना, मी मुलाला दूध बख्शलं नाही, तर तो गुन्हेगार होईल का?"

मुलाचा गुन्हा कोणता, असे मी विचारले. तेव्हा कळले की मधला मुलगा बायको व दोन मुले घेऊन चाकणला राहावयास निघाला आहे. तेथील कारखान्यात त्याला बरी नोकरी लागली आहे. बापाच्या पश्चात तीन भाऊ एकाच चुलीवर जेवत होते आणि आता त्यातील एक बिऱ्हाड उठणार होते. मुलाने "अम्मी, जाऊ का?" असे विचारले होते. त्या काहीच बोलल्या नव्हत्या. मुलाने ते मौन होकार म्हणून घेतले व सामान बांधावयास सुरुवात केली.

अशा निरोपाचा प्रसंग आज आपल्यापैकी अनेक घरांत येतो. तो आला की दोन टोकांची उत्तरे ऐकू येतात. कोणी म्हणतो, आईच्या पायाखाली जन्नत आहे, तिने नको म्हटले की विषय संपला. कोणी म्हणतो, शरीअतने मुलाला मोकळीक दिली आहे, आईचे रडणे ही केवळ भावना आहे. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. आईच्या "नको जाऊस" या दोन शब्दांत तीन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. एक तिची गरज, दुसरी तिची भीती आणि तिसरे तिचे दुःख. या तिन्हींचा मुलावरील हक्क सारखा नाही. तिन्हींना एकच उत्तर दिले की निरोप बिघडतो.

प्रथम दुधाचा प्रश्न सोडवू. आईने गर्भाचे कष्ट सोसले, दूध पाजले, याची आठवण कुरआनने माणसाला वारंवार करून दिली आहे, आणि सूरह लुकमानमध्ये अल्लाहने स्वतःच्या कृतज्ञतेला जोडूनच आईवडिलांच्या कृतज्ञतेची आज्ञा केली आहे. परंतु दूध हे कर्ज आहे व आई ते हवे तेव्हा बख्शू शकते किंवा अडवून धरू शकते, ही कल्पना कुरआनातही नाही आणि हदीसमध्येही नाही. ती आपल्याकडील रूढी आहे. मी त्या मातेला तसे सांगितले. आईची नाराजी ओढवून घेणे ही मुलासाठी भीतीची गोष्ट आहे, हे खरेच. पण ती नाराजी रास्त आहे की नाही, हे दुधावरून ठरत नाही. मुलाने तिचा कोणता हक्क बुडविला, यावरून ते ठरते. त्यावर त्या काही वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "हक्काचं मला कळत नाही. पण तो गेला तर माझी सुई कोण देणार?"

वाचकहो, हा त्यांचा खरा प्रश्न होता. त्यांना मधुमेह आहे. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घ्यावे लागते, डोळ्यांना बारीक आकडे दिसत नाहीत, आणि चार वर्षांपासून दोन्ही वेळची सुई हाच मधला मुलगा देत असे. "जाऊ का?" या प्रश्नाला उत्तर म्हणून हे सांगावे, असे त्यांना सुचले नव्हते. स्वतःच्या सुईसाठी मुलाचा रोजगार अडवावा, हे त्यांना लाजिरवाणे वाटत होते. म्हणून त्यांनी गरज गिळली व दुधाचे नाव पुढे केले.

गरजेविषयी आपल्या फुकहांचे म्हणणे अगदी स्पष्ट आहे. हनफी फिकहचे मोठे इमाम अल्लामा कासानी (रह.) यांनी 'बदाइउस्सनाइ' या ग्रंथात नियम सांगितला आहे. ज्या प्रवासात जिवाचा धोका मोठा आहे, त्यासाठी मुलाने आईवडिलांच्या इजाजतीवाचून निघू नये. ज्यात तसा धोका नाही, त्यासाठी तो इजाजतीवाचूनही निघू शकतो. मात्र त्याच्या जाण्याने आईवडील वाऱ्यावर पडता कामा नयेत. नियमाचा पहिला भाग मुलांना तोंडपाठ असतो. शेवटची अट मात्र सोयीस्करपणे विसरली जाते. चाकणचा रस्ता धोक्याचा नाही, म्हणून मुलगा सुटला, असे होत नाही. मागे राहणाऱ्या आईची सुई, तिचा दवाखाना, तिचे अन्न यांची व्यवस्था लागली आहे की नाही, यावर त्याचे सुटणे अवलंबून आहे.

सूरह बनी इस्राईलमध्ये आईवडिलांच्या म्हातारपणाचा उल्लेख करताना, त्यांच्यापैकी एक किंवा दोघेही 'तुझ्याजवळ' वार्धक्यास पोहोचले तर, असे शब्द आले आहेत. हे 'जवळ' म्हणजे एकाच छपराखाली असलेच पाहिजे का? सांभाळणारी अन्य भावंडे असतील, तर मुलाचे बिऱ्हाड वेगळे असूनही आई त्याच्या जबाबदारीच्या कक्षेत राहू शकते. पण दुसरे कोणीच नसेल, तर 'जवळ' या शब्दाला प्रत्यक्ष जवळ असण्यावाचून दुसरा अर्थ उरत नाही. अशा मुलाने एक तर थांबावे, नाही तर आईला राजीखुशीने बरोबर न्यावे. एकुलत्या मुलाची गोष्ट आणि तिघांपैकी एकाची गोष्ट म्हणूनच सारखी नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला मशिदीत थांबवून घेतले. तो भला मनुष्य आहे. सुईचे नाव काढताच त्याचा चेहरा उतरला. "भाभी देईल ना," तो म्हणाला. मी विचारले, भाभीला विचारलेस का? त्याने विचारले नव्हते. येथे आपल्या घरांत एक मोठी गफलत होते. सासूची सेवा ही सुनेची नेकी आहे आणि तिचा मोबदला अल्लाहजवळ आहे, पण कायद्याने तो फर्ज तिच्यावर नाही. तो मुलांवर आहे. आपला फर्ज दुसऱ्याच्या बायकोच्या ओंजळीत टाकून निघून जाणे म्हणजे व्यवस्था नव्हे.

तेव्हा भावाभावांनी बसून ठरविले. सकाळची सुई धाकटा देईल, संध्याकाळची थोरला. निघण्यास पंधरा दिवस होते. त्या पंधरा दिवसांत मधल्याने स्वतः सुई द्यावयाची नाही. दोघे देतील आणि त्याने शेजारी उभे राहून पाहावे. औषधाची मात्रा मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावली गेली. इन्सुलिन थंड जागी ठेवावे लागते, रोज जागा बदलून सुई टोचावी लागते, सुई दिल्यावर जेवणास उशीर होऊ द्यावयाचा नाही, अंगाला घाम सुटून हातपाय थरथरू लागले तर आधी साखर द्यावयाची, हे सारे एकट्या मधल्याला ठाऊक होते. ते त्या दोघांना ठाऊक झाले. पंधरा दिवसांनी त्या माता माझ्या पत्नीला म्हणाल्या की थोरल्याचा हात जड आहे, पण चालेल. गरज पुरी झाली की आईची जीभ अशी मोकळी होते.

मग भीती उरली. ती पैशाची होती आणि त्याहून अधिक छपराची होती. मधला मुलगा सामाईक खर्चात दरमहा नऊ हजार रुपये घालीत असे. तो व त्याचे बिऱ्हाड उठल्यावर खर्चही कमी होणार होता, म्हणून ती रक्कम तशीच चालू ठेवण्याचे कारण नव्हते. हिशोब आईपुरता मांडला, तेव्हा औषधे, जेवण व किरकोळ मिळून महिन्याला सहा हजार रुपये निघाले. गरजू आईचा खर्च मुलांवर वाजिब आहे. म्हणून तिघांवर दोन-दोन हजार आले. मधल्याने आपल्या खुशीने तीन हजार देण्याचे ठरविले. मी एवढेच सुचविले की हे पैसे भावाच्या हाती न देता अम्मीच्या स्वतःच्या खात्यात पडावेत. ज्या आईला औषधासाठी मुलाच्या खिशाकडे पाहावे लागते, तिला दूर गेलेला प्रत्येक मुलगा तुटलेल्या फांदीसारखा वाटतो.

छपराची भीती अधिक खोल होती. पतीच्या निधनाला सहा वर्षे झाली होती, पण वारसा वाटला गेला नव्हता. एकत्र आहोत तोवर वाटणी कशाला, असे सारे म्हणत. आता एक जण निघाला तेव्हा तो आपला हिस्सा विकून टाकील आणि आपण उघड्यावर पडू, अशी त्या मातेची धास्ती होती. त्या कोणाच्या घरात राहत होत्या? त्यांना वाटे, मुलांच्या. मी कागदावर आठ घरे आखून दाखविली. मुले असताना पत्नीचा हिस्सा आठवा असतो, म्हणजे एक भाग त्यांचा. उरलेले सात भाग तीन मुलगे व एक मुलगी यांत, मुलाला दोन व मुलीला एक याप्रमाणे. तीन मुलांचे सहा आणि विवाहित मुलीचा एक. हिशोब बरोबर आठाला आठ बसतो. म्हणजे त्या सहा वर्षे मुलांच्या घरात पाहुण्या नव्हत्या, स्वतःच्या घरात राहत होत्या. मुलीचा भागही त्या दिवशी प्रथमच मोठ्याने उच्चारला गेला. घर विकावयाचे नाही, अम्मी हयात आहेत तोवर त्यांच्या खोलीला कोणी हात लावावयाचा नाही, आणि प्रत्येकाचा हिस्सा लिहून ठेवावयाचा, असे ठरले. निरोपाच्या वेळी हिशोबाचे बोलणे कोरडे वाटते खरे. परंतु न बोललेला हिशोब पुढे दहा वर्षे निरोपाच्या आठवणीत विष कालवितो, हे मी मशिदीत येणाऱ्या भांडणांवरून जाणतो.

भीतीचे आणखी एक रूप म्हणजे वचनाचा आग्रह. "दर जुम्याला येशील ना?" असे आईने विचारले आणि मुलगा "हो अम्मी, इन्शाअल्लाह" म्हणाला. त्याची सुट्टी जुम्याला नव्हती, हे त्यालाही ठाऊक होते. येथे हजरत याकूब (अलै.) यांचे उदाहरण ध्यानात घेण्याजोगे आहे. एक मुलगा गमावलेला तो पिता दुसऱ्या मुलाला भावांबरोबर मिसरला धाडताना त्यांच्याकडून अल्लाहच्या नावाने वचन घेतो की तुम्ही याला परत आणाल. पण त्याच वचनात तो सवलतही ठेवतो. तुम्ही सारेच घेरले गेलात, तर गोष्ट वेगळी. मग तो एक उपाय सुचवितो की एकाच दरवाजाने शहरात शिरू नका. आणि लगेच कबूल करतो की अल्लाहच्या निर्णयापुढे माझे काही चालणार नाही. सूरह यूसुफमधील या प्रसंगात वचन, सवलत, उपाय व भरवसा या चारही गोष्टी एकत्र आल्या आहेत. वचन घेणे हा आईचा कमकुवतपणा नाही, एक प्रेषितही ते घेतो. मात्र ते पाळण्याजोगे असावे. त्यातील सवलत खरोखरीच्या लाचारीसाठी आहे, कंटाळ्यासाठी नाही. आणि 'इन्शाअल्लाह' हा शब्द नकार झाकण्याचे पांघरूण म्हणून वापरणे ही त्या शब्दाची विटंबना आहे. म्हणून जुम्याचे वचन मागे घेतले गेले. महिन्याचा पहिला रविवार आणि रोज इशानंतर एक फोन, एवढेच ठरले.

आता दुःख. गरज पुरविता येते, भीती घालविता येते, पण दुःखाला व्यवस्था नाही. दुःखासाठी मुलाने थांबावे का? येथे एक हदीस समोर येते. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) सांगतात की एक मनुष्य प्रेषित (स.) यांच्याकडे हिजरतची बैअत करावयास आला व म्हणाला की मी आईवडिलांना रडत सोडून आलो आहे. प्रेषितांनी (स.) त्याला परत पाठविले. जसे त्यांना रडविलेस तसेच जाऊन हसव, असा त्या आज्ञेचा आशय आहे. अबू दाऊदमध्ये ही हदीस आहे. यावरून कोणी म्हणेल की आई रडली की जाणे हराम. फुकहांनी तसा अर्थ घेतला नाही. तसे असते तर कासानींचा तो नियमच उभा राहिला नसता. पण ही हदीस मुलाला एक गोष्ट निश्चित शिकविते. आईचे अश्रू हे त्याच्या पुण्यकार्याच्या आड आलेली क्षुल्लक बाब नाही. तो मनुष्य तर हिजरतसारख्या महान कार्यासाठी निघाला होता, तरीही त्याला आधी त्या अश्रूंचा जाब द्यावा लागला. मग नोकरीसाठी निघालेल्याने तो का देऊ नये?

आईलाही मला काही सांगावयाचे आहे. हजरत मूसा (अलै.) यांच्या मातेने अल्लाहच्या आदेशानुसार आपले तान्हे बाळ नदीत सोडले. परत मिळेल, असे अल्लाहचे आश्वासन तिच्याजवळ होते. तरीही कुरआन सांगतो की तिचे हृदय रिते झाले आणि ती सारे उघड करून बसणार होती, पण अल्लाहने तिचे मन घट्ट केले. त्या रितेपणाबद्दल तिला दोष दिलेला नाही. तिने मुलीला मागोमाग जाऊन पाहावयास सांगितले, त्याबद्दलही नाही. तवक्कुल असणे म्हणजे काळजात कालवाकालव न होणे नव्हे. तेव्हा माताभगिनींनो, रडू आले तर रडा. फक्त ते रडणे दुसऱ्या कशाचे रूप घेऊन येऊ देऊ नका. सुनेने मुलगा तोडला, हे म्हणू नका. हनफी फिकहनुसार पत्नीला स्वतःच्या ताब्यातील, कुलूपबंद होईल अशी राहण्याची जागा मागण्याचा हक्क आहे. तो हक्क तिने बजावला तर ती चोर ठरत नाही. आणि मनात दुःख असताना दुधाची धमकीही देऊ नका. "मला तुझी आठवण येईल" हे वाक्य खरे आहे, आणि जाणाऱ्याला ते ओझे होत नाही.

मुलांना मी प्रश्न बदलावयास सांगतो. "जाऊ का?" या प्रश्नाला आईकडे दोनच उत्तरे असतात आणि दोन्ही तिला जड जातात. त्याऐवजी "मी गेल्यावर तुझे काय काय अडेल?" असे विचारा. मग सुई बाहेर येईल, छप्पर बाहेर येईल. एकदा सर्वांसमक्ष विचारा, एकदा एकांतात. फिकहचा एक प्रसिद्ध नियम आहे की गप्प राहिलेल्या माणसाच्या नावे कोणतेही विधान लावता येत नाही. बोलणे आवश्यक असेल त्या ठिकाणचे मौन हे विधान ठरते, हा त्याचा पुढील भाग आहे. आई गप्प राहिली म्हणजे ती राजी आहे, असे समजून सामान बांधणारा मुलगा नियमाचा पहिला भाग मोडतो. आणि तिच्या मौनात गरज आहे हे ओळखूनही न विचारणारा मुलगा दुसरा भाग मोडतो.

निघण्याच्या दिवशी मी तेथे होतो. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा होता, नातवंडे आधीच चढून बसली होती. मी त्या मातेला आदल्या दिवशी निरोपाची ती दुआ सांगितली होती, जी हजरत इब्ने उमर (रजि.) प्रवाशाला जवळ बोलावून म्हणत, कारण प्रेषित (स.) त्यांना याच शब्दांनी निरोप देत असत. त्या दुआत निरोप देणारा तीन गोष्टी अल्लाहच्या हवाली करतो. जाणाऱ्याचा दीन, त्याची अमानत आणि त्याच्या कर्मांचा शेवट. त्यात पगाराचा उल्लेख नाही, खुशालीचाही नाही. परक्या गावी पहिला धोका कशाला असतो, हे त्या शब्दांना ठाऊक आहे.

यातील 'अमानत' म्हणजे काय? हदीसचे प्राचीन भाष्यकार इमाम खत्ताबी (रह.) सांगतात की अमानत म्हणजे प्रवाशाने मागे ठेवलेली त्याची माणसे व त्याची मालमत्ता. म्हणजे दारात उभी असलेली आई जेव्हा मुलाची अमानत अल्लाहच्या हवाली करते, तेव्हा ती नकळत स्वतःलाच अल्लाहच्या हवाली करीत असते. आणि मुलाने द्यावयाचे उत्तरही प्रेषितांनी (स.) शिकविले आहे. मी तुम्हाला त्या अल्लाहच्या हवाली करतो, ज्याच्याजवळ ठेवलेली ठेव कधी हरवत नाही. ठेव ठेवणाऱ्याचा हक्क सुटत नाही आणि जबाबदारीही सुटत नाही. सुई शिकवून, हिशोब लिहून, वचन बेताचे करून मगच हे शब्द उच्चारावेत. वाऱ्यावर सोडलेल्या माणसाला 'अल्लाहच्या हवाली' म्हणणे हे तवक्कुल नाही.

त्या मातेने ती दुआ अडखळत म्हटली. मधे आवाज तुटला, पुन्हा पहिल्यापासून म्हटली. मुलाने उत्तर दिले. मग त्या आपल्या भाषेत म्हणाल्या, "जा बेटा. जेवून घे वेळेवर."

या गोष्टीला आठ महिने झाले. सारे सुरळीत झाले, असे मी म्हणणार नाही. एका रात्री थोरला लग्नाला गेला होता, संध्याकाळची सुई राहून गेली, दुसऱ्या दिवशी साखर खूप वाढली. मधला रात्रीची गाडी धरून आला. आल्यावर भावाशी भांडला नाही. थोरला नसेल त्या दिवशी धाकट्याने द्यावी, ही ओळ त्याने भिंतीवरील कागदावर वाढविली. दोन पहिले रविवार चुकले, त्यांपैकी एकदा कारण खरे होते व एकदा नव्हते, हे त्यानेच मला सांगितले. माता सांगतात की मगरिबनंतर घर फार मोठे वाटते. ते तसेच वाटत राहणार आहे.

इमाम बुखारी (रह.) यांच्या 'अल-अदबुल मुफरद'मध्ये एक नोंद आहे. जुलहुलैफा येथे हजरत अबू हुरैरा (रजि.) एका घरात राहत आणि त्यांची आई दुसऱ्या घरात. बाहेर पडताना ते आईच्या दाराशी उभे राहून सलाम करीत आणि लहानपणी तिने वाढविले म्हणून तिच्यावर अल्लाहची दया मागत. आतून तीही सलामाचे उत्तर देई आणि मोठेपणी त्याने तिच्याशी नेकीने वागल्याबद्दल त्याच्यासाठी दया मागे. परत आल्यावरही ते तसेच करीत. घरे दोन होती, पण दारावरचा सलाम एकही दिवस चुकत नव्हता.

चाकणहून आईचे दार दिसत नाही. इशानंतरचा फोन हेच त्या मुलाचे दार आहे. वाचकहो, तुमच्यापैकी जो कोणी असा दूर राहत असेल, त्याने आज रात्री त्या दाराशी उभे राहावे, सलाम करावा, आणि ख्यालीखुशाली विचारण्याआधी विचारावे, "अम्मी, काही अडलंय का?"

वल्लाहु आलम बिस्सवाब.